सत्यनारायणाला शेजाऱ्यांना कसं बोलवावं?

“शुक्रवारी घरी सत्यनारायण आहे. ऑफिसातल्या चार जणांना आणि मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलवायचंय. किती वाजता या म्हणू? त्यांना काय करावं लागेल ते आधी सांगायचं का? आणि ‘काही आणू नका’ असं लिहिलं तर बरं दिसेल का?” दोह्यात नव्याने बिऱ्हाड थाटलेली मराठी मंडळी हे तीन प्रश्न हमखास विचारतात. पुण्यात किंवा कोल्हापुरात असताना ते कधी पडलेले नसतात. तिथे ‘आमच्याकडे सत्यनारायण आहे, तीर्थप्रसादाला या’ एवढं वाक्य पुरतं, कारण ऐकणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं. तो आरतीच्या सुमाराला येतो, पाया पडतो, ताटलीत दोन रुपये ठेवतो आणि शिरा खाऊन घरी जातो.

बिन महमूदमध्ये हे गृहीत धरता येत नाही. दोह्याच्या मध्यवस्तीतला हा जुना भाग, बहुतेक सगळा फ्लॅटच्या इमारतींचा. एकाच मजल्यावर मल्याळी परिचारिका, इजिप्तचं शिक्षक कुटुंब, फिलिपिनो जोडपं, लाहोरचा अभियंता आणि तुम्ही, अशी वस्ती इथे नवलाची नाही. ‘तीर्थप्रसादाला या’ हे वाक्य त्यांच्यापैकी कुणालाच काही सांगत नाही. म्हणून या प्रकरणात आपण एका आमंत्रणाची मांडणी पायरीपायरीने करणार आहोत. आधी दिवस, मग वेळ, मग घरात काय होईल ते, प्रसादाचा नाजूक भाग, भेटवस्तूंचा प्रश्न आणि शेवटी प्रत्यक्ष मजकूर.

१. बोलावणं हे पूजेचंच अंग

सत्यनारायणाची कथा पाच अध्यायांची. स्कंदपुराणाच्या रेवाखंडातली म्हणून ती सांगितली जाते. पहिल्याच अध्यायात नारद विष्णूला व्रताचा विधी विचारतात आणि उत्तरात पूजा, नैवेद्य यांच्याबरोबर आप्तांना जमवून प्रसाद वाटण्याचं आणि त्यांना जेवू घालण्याचं सांगितलं आहे. म्हणजे शेजाऱ्याला बोलावणं हे पूजेनंतरचं सामाजिक शेपूट नव्हे, विधीतलीच ती एक पायरी आहे. दारं लावून एकट्याने केलेल्या सत्यनारायणात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, त्याचं कारण हेच.

मात्र आपण कुठे राहतो ते ध्यानात ठेवायला हवं. कतारच्या राज्यघटनेचं ५० वं कलम कायदा आणि सार्वजनिक सुव्यवस्था सांभाळून उपासनेचं स्वातंत्र्य देतं. हिंदूंची पूजाअर्चा तिथे घराच्या चार भिंतींत होते आणि तशी ती वर्षानुवर्षं निर्वेधपणे चालत आली आहे. पण मुसलमानांमध्ये अन्य धर्माचा प्रचार करणं हा तिथे गुन्हा आहे. यावरून आमंत्रणाचा सूर ठरतो. आपण शेजाऱ्याला घरी भेटायला बोलावतो आहोत, व्रताचं माहात्म्य पटवायला नव्हे. कथेतलं फळ, ‘ही पूजा केली की मनोकामना पूर्ण होते’ अशी वाक्यं, पोथीची छायाचित्रं हे आमंत्रणात घालू नये. इमारतीच्या लिफ्टमध्ये कागद चिकटवू नये आणि कंपनीच्या सगळ्यांच्या गटावर सरसकट संदेशही टाकू नये. ज्याला बोलवायचं त्याला वेगळं बोलवावं.

२. दिवस कोणता?

पौर्णिमाच हवी का, हा पहिला प्रश्न असतो. नको. कथेतच कोणत्याही दिवशी करता येईल असं म्हटलं आहे. वेळ मात्र दिलेली आहे, ती म्हणजे रात्र सुरू होतानाची, आपल्या भाषेत तिन्हीसांजेची. पौर्णिमा, एकादशी, संक्रांत हे दिवस रूढीने पसंतीचे झाले.

तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांचा पौर्णिमेचा आग्रह असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जरा सावधपणे पाहावं लागतं. तिथे छापलेली तिथीची वेळ भारतीय प्रमाणवेळ असते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. ही आकाशातली घटना आहे, त्यामुळे ती सगळ्या जगात एकाच क्षणी घडते. बदलतो तो फक्त घड्याळातला आकडा. कतारचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे, म्हणून छापलेल्या वेळेतून अडीच तास वजा करायचे.

समजा, ऑगस्टच्या मध्यात श्रावणातली पौर्णिमा गुरुवारी रात्री ८ वाजता सुरू होते असं कॅलेंडरात आहे. पुण्यात त्या सुमाराला सूर्य सातच्या आसपास मावळतो, म्हणजे तिथे गुरुवारी दिवेलागणीला अजून चतुर्दशीच असेल. दोह्यात मात्र तीच पौर्णिमा संध्याकाळी साडेपाचला सुरू होईल आणि सूर्यास्त साधारण ६ वाजून १० मिनिटांचा. दोह्यात गुरुवारच्या तिन्हीसांजेला पौर्णिमा आहे, पुण्यात नाही. आईने फोनवर सांगितलेला दिवस आणि तुमचा दिवस वेगळा निघाला तर त्यात कुणी चुकलेलं नसतं.

पाहुण्यांच्या बाजूने पाहिलं तर शुक्रवारसारखा दिवस नाही. सरकारी आणि बऱ्याच मोठ्या कंपन्यांची कचेरी रविवार ते गुरुवार चालते, पण पुष्कळ खासगी कंपन्यांत आठवड्यातून सुटी एकच, शुक्रवारची. त्या लोकांना शनिवारी सकाळी कामावर जायचं असतं. म्हणून शुक्रवार संध्याकाळ धरावी आणि साडेआठपर्यंत सगळं आटपेल असं पाहावं. रमजानचा महिना मात्र टाळलेला बरा. दिवसा उपास, संध्याकाळी इफ्तार आणि रात्री लांबलेली नमाज, यात मुसलमान शेजाऱ्याला आपल्याकडे यायला फट सापडत नाही. श्रावणात पूजा ठेवणार असाल तर आणखी एक गोष्ट धरून चाला. ऑगस्टमध्ये शाळांना सुटी असते आणि निम्मी कुटुंबं गावाला गेलेली असतात.

३. पूजेची वेळ नव्हे, आरतीची

आमंत्रणं फसतात ती बहुधा याच ठिकाणी. यजमान लिहितो, ‘पूजा साडेचार वाजता’. त्याच्या मनात ही गुरुजी चौरंगापाशी बसण्याची वेळ असते. जॉर्डनचा सहकारी मात्र बरोबर साडेचारला दारात उभा राहतो. आत मंडळी सोवळ्यात, पंचामृताची वाटी सापडत नाहीये, चौरंगाला केळीची पानं अजून बांधायची आहेत. त्यानंतर तो बिचारा दोन तास खुर्चीवर बसून राहतो.

म्हणून आधी पूजेला वेळ किती लागतो ते मांडू. सुरुवातीला संकल्प, गणपतीपूजन, कलशाची आणि नवग्रहांची पूजा. मग मुख्य देवतेची षोडशोपचार पूजा, त्यात पंचामृतस्नान आणि विष्णूची सहस्रनामं घेत तुळस वाहणं. गुरुजी असतील तर याला सव्वा ते दीड तास लागतो. पाच अध्यायांची कथा मराठीतून सांगितली तर पाऊण तास. आरत्या आणि मंत्रपुष्पांजली वीस मिनिटं. एकूण अडीच तासांच्या आसपास.

दोह्यात यात एक हमखास उशीर मिसळतो. तिथे पूजा सांगणारे बहुतेक गुरुजी आठवडाभर नोकरी करणारे गृहस्थ असतात आणि शुक्रवारी एकामागून एक दोन-तीन घरं करतात. आधीच्या घरी अर्धा तास लांबलं की तुमच्याकडेही तेवढंच लांबतं. गुरुजींना वेळ देताना हा अर्धा तास आपणच पोटात धरावा.

आता सूर्यास्त आणि अजान. मगरिबची अजान सूर्यास्ताला होते आणि कतारमध्ये इशाची वेळ मगरिबनंतर ९० मिनिटांनी असते. ऑगस्टच्या मध्यात मगरिब ६:१० ला, इशा ७:४० ला. नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य पावणेपाचलाच मावळतो, म्हणजे इशा सव्वासहाला. हे दोन आकडे हातात असले की संध्याकाळ नीट बसवता येते.

ऑगस्टमधला शुक्रवार घेऊ. गुरुजींना साडेतीनची वेळ द्या, पूजा चारला सुरू झाली तरी चालेल. साडेपाचच्या सुमाराला कथा सुरू होईल. ६:१० ला अजान होईल तेव्हा घरात कथा चालू असेल. ती शांतपणे चालणारी गोष्ट आहे, घंटा नाही की टाळ नाही, त्यामुळे कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. आरती पावणेसातला. सातपासून प्रसाद आणि खाणं. ज्या शेजाऱ्याला इशाला मशिदीत जायचं आहे तो मगरिब पढून येईल, बसेल आणि ७:४० च्या आत सहज निघेल.

हाच कार्यक्रम नोव्हेंबरात तसाच ठेवला तर आरत्या इशाच्या नमाजीवर आदळणार नाहीत ना, ते पाहावं लागतं. तेव्हा सव्वासहाला अजान, त्यानंतर नमाज. पावणेसातची आरती तिथेही सोयीची पडते, पण सहाला ठेवलेली आरती मात्र ऐन रंगात असताना अजान सुरू होईल. चुकून तसं झालंच तर टाळ आणि घंटा तेवढा वेळ थांबवाव्यात. असं थांबणारी घरं शेजाऱ्यांच्या लक्षात राहतात.

आपल्या लग्नपत्रिकेत मुहूर्त वेगळा छापलेला असतो आणि भोजनाची वेळ वेगळी. ज्याला अक्षता टाकायच्या तो मुहूर्ताला येतो, ज्याला जमत नाही तो जेवणाला. सत्यनारायणाच्या आमंत्रणातही असंच करावं. ‘कथा साडेपाचला, आरती पावणेसातला, त्यानंतर साडेआठपर्यंत केव्हाही या.’ घरच्यासारख्या मराठी मित्रांना कथेची वेळ, बाकीच्यांना आरतीची किंवा आरतीनंतरची. नुसतं चहाला यायचं असेल तर तेही पूर्ण येणंच आहे, हे लिहिलेलं असावं.

४. आत आल्यावर काय दिसेल?

नवख्या माणसाला पूजेची धास्ती नसते. आपल्याला काही करायला सांगतील आणि ते आपल्याला जमणार नाही किंवा चालणार नाही, याची असते. ती धास्ती चार वाक्यांत जाते.

पादत्राणं दाराशी काढायची आहेत, हे पहिलं. फ्लॅटच्या इमारतीत याची यजमानाने वेगळी व्यवस्था करायला हवी. तीस-चाळीस जोड बाहेरच्या बोळात पसरले की समोरच्या दारवाल्याची वाट अडते आणि आग लागल्यावर बाहेर पडायचा रस्ताही तोच असतो. दाराच्या आत एक जुनी चादर अंथरून चपला तिच्यावर घ्याव्यात.

बसायला सतरंजी आहे आणि खुर्च्याही आहेत, हे दुसरं. तिसरं, समोर काय असेल ते. केळीच्या पानांनी सजवलेला चौरंग, त्यावर तांदळाच्या राशीत पाण्याचा कलश, कलशावर ताम्हनात बाळकृष्ण किंवा शाळिग्राम, विड्याची पानं आणि सुपाऱ्या मांडलेल्या. दोह्यात केळीचे खुंट मिळणं कठीण, तेव्हा पानांवर भागवतात. हजार तुळशीची पानं मिळाली नाहीत तर नावागणिक अक्षता वाहतात. आरतीच्या वेळी सगळे उभे राहतात, टाळ्या वाजवतात आणि ताम्हनातला दिवा फिरवला जातो. पाहुण्याने नुसतं उभं राहिलं तरी चालतं, आणि बसून राहिला तरी कुणी काही म्हणत नाही. कुंकू लावायला घेताना आधी विचारतात, नको म्हटलं तर पुढे जातात. हे शेवटचं वाक्य यजमानाने आमंत्रणात लिहावं आणि हळदीकुंकवाचं तबक ज्या मुलीच्या हातात देणार तिलाही आधी सांगून ठेवावं. नाहीतर ती उत्साहाने थेट कपाळाकडे बोट नेते.

चौथी गोष्ट पाहुण्याला सांगायची नाही, आपणच सांभाळायची आहे. ती म्हणजे धूर. नव्या इमारतींतल्या छताला धूरशोधक बसवलेले असतात आणि त्यांची घंटा इमारतीच्या मुख्य यंत्रणेला जोडलेली असते. सत्यनारायणाला होम लागत नाही, हे आपलं भाग्य. पण धूप, उदबत्त्यांचा जुडगा आणि आरतीतला कापूर मिळून दिवाणखाना भरून जातो. चौरंग शोधकाच्या थेट खाली मांडू नये, उदबत्त्या दोनच लावाव्यात, कापराच्या दोन-तीन वड्या पुरेत आणि आरतीपूर्वी खिडकी उघडावी. शोधकाला पिशवी बांधून गप्प करण्याचा उपाय काही घरांत होतो. तो करू नये. पेटत्या निरांजनांच्या आणि चाळीस माणसांच्या संध्याकाळी ते यंत्र जागं असणं अधिक गरजेचं आहे.

५. प्रसाद नाकारला तर?

इथे जरा थांबून विचार करायला हवा, कारण मनं दुखावतात ती इथेच.

मराठी यजमान प्रसादाचा आग्रह धरतो. ‘थोडा तरी घ्या, कणभर घ्या, नाही म्हणायचं नसतं.’ हा आग्रह कुठून आला ते कथेतच दिसतं. चौथ्या अध्यायात कलावती नवरा परत आल्याच्या आनंदात प्रसाद न घेता धावत सुटते आणि नवरा नावेसकट दिसेनासा होतो. पाचव्या अध्यायात तुंगध्वज राजा रानात गवळ्यांनी दिलेला प्रसाद अहंकाराने टाकून जातो आणि त्याची मुलं, संपत्ती, राज्य जातं. लहानपणापासून हे ऐकलेल्या माणसाला कुणी प्रसाद नाकारला की आतून भीती वाटते, आणि ती तो आग्रहाच्या रूपाने समोरच्यावर घालतो.

पण कथेतले दोघं कोण आहेत ते नीट पाहा. कलावती ही व्रत करणाऱ्या घरची मुलगी, घाईत देवाला विसरलेली. तुंगध्वजाने गवळ्यांना कमी लेखलं. आपल्या श्रद्धेमुळे हात जोडून ‘मला हे चालत नाही’ म्हणणारा पाहुणा या दोघांपैकी कुणीच नाही. त्याने देवाचा अपमान केलेला नाही आणि यजमानाचाही नाही. देवाला दाखवलेला नैवेद्य अनेक मुसलमानांना धर्मानुसार चालत नाही. काही ख्रिस्ती मंडळींचंही तसंच असतं. काही जण मात्र आनंदाने दोनदा मागून खातात. कोण कुठल्या बाजूचा ते नावावरून ओळखता येत नाही आणि तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. म्हणून निवड त्याच्या हातात द्यावी, तीही आमंत्रणातच.

यासाठी स्वयंपाकघरात एक साधी शिस्त लागते. नैवेद्याचं ताट आणि प्रसादाचा शिरा देवापुढे जातो. चहा, बटाटेवडे, पोहे, फळांचं ताट हे स्वयंपाकघरातच राहतं आणि तिथूनच वाढलं जातं. देवापुढची केळी उचलून पाहुण्यांच्या फळांत मिसळायची नाहीत, शिल्लक शिरा फराळाच्या बशीत घालायचा नाही. मग आमंत्रणात ‘प्रसादाखेरीज वेगळं केलेलं, देवापुढे न ठेवलेलं खाणंही आहे’ हे वाक्य खरेपणाने लिहिता येतं. पाहुण्याने त्या वाक्यावर विश्वास ठेवलेला असतो, त्याला जागावं. खाण्यात कांदा-लसूण घालत नाहीतच, त्यामुळे जैन सहकाऱ्याचाही प्रश्न बराचसा सुटतो, फक्त त्याला बटाटा चालतो का ते विचारावं.

प्रसादात काय आहे हेही लिहावं. रवा, तूप, साखर, दूध, केळं, वेलची आणि काजू-बेदाणे. दूध किंवा काजू न चालणाऱ्याला तेवढ्याने कळतं. काजू वगळले तर काही बिघडत नाही. ज्याला गहू चालत नाही त्याच्यासाठी तर कथेनेच सोय केली आहे. पहिल्या अध्यायात केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ आणि साखर सांगितली आहे, गव्हाचं पीठ नसेल तर तांदळाचं पीठ आणि साखरेऐवजी गूळही चालतो, असंही सांगितलं आहे. म्हणजे तांदळाच्या रव्याचा एक छोटा वाडगाभर शिरा वेगळा केला तर तो कमअस्सल प्रसाद ठरत नाही.

६. चाळीस माणसांना शिरा किती?

प्रसादाचं माप सव्वाचं असतं. हे वजन नव्हे, प्रमाण आहे. कोणतंही भांडं माप धरा आणि रवा, साखर, तूप त्या मापाने सव्वा घ्या. भांडं केवढं घ्यायचं ते माणसांवरून ठरवायचं.

चाळीस जण येणार असतील तर ज्यात ४०० ग्रॅम रवा मावतो असं भांडं घ्या. सव्वा भांडं म्हणजे ५०० ग्रॅम रवा. साखर आणि तूप त्याच हिशेबाने वजनाला तेवढंच, प्रत्येकी अर्धा किलो. दूध अडीचपट, म्हणजे सव्वा लिटर. पिकलेली दोन-तीन केळी. एकूण तीन किलोच्या आत-बाहेर जातं, शिजताना वाफेने थोडं घटतं आणि हाती साधारण अडीच किलो शिरा येतो. एका द्रोणात ६० ग्रॅम घातला तर बेचाळीसच्या आसपास द्रोण होतात.

रवा तुपात मंद आचेवर खमंग भाजावा आणि दूध उकळतं घालावं, गार घातलं की गुठळ्या होतात. साखर शेवटी, दूध पूर्ण मुरल्यावर. आधी घातली तर रवा फुलायचा थांबतो आणि दाताखाली कचकचतो. एवढं तूप पाहून दडपण येतं, पण प्रसादाच्या शिऱ्याची चव तिथेच आहे, म्हणून तूप कमी करण्यापेक्षा द्रोण लहान करावा.

७. ‘भेटवस्तू नको’ हे कसं सांगावं?

मराठी पत्रिकांतलं ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालं आहे की वाचणारा ते मनावर घेत नाही. परदेशी सहकाऱ्याला तर ते सौजन्याचं बोलणं वाटतं. दारावर रिकाम्या हाताने जाणं ही जवळपास प्रत्येक संस्कृतीत अवघड गोष्ट आहे. म्हणून नकारासोबत कारण द्यावं. ‘या पूजेत घरच्यांनी येणाऱ्यांना द्यायचं असतं, घ्यायचं नसतं. त्यामुळे भेटवस्तू किंवा पैसे आणू नका.’ कारण खरं आहे आणि कळण्यासारखं आहे. वाचणाऱ्याला हायसं वाटतं.

हाताखाली काम करणारे सहकारी असतील तर हे वाक्य अधिकच हवं. साहेबांच्या घरी जायचं म्हणून कनिष्ठ मंडळी आपसात वर्गणी काढतात. ज्याच्या पगारातला मोठा हिस्सा गावाकडे जातो, त्याला त्या वर्गणीतून मागे हटता येत नाही. त्यांच्यापैकी एकाला आधीच बाजूला घेऊन, ‘कुणी पैसे गोळा करू नका’ असं तोंडी सांगावं.

तरी एक घोटाळा उरतोच, तो म्हणजे देवापुढची दक्षिणेची ताटली. आपली माणसं सवयीने तिथे पाच-दहा रियाल ठेवतात. ते पाहून इजिप्तचा शेजारी खिसे चाचपू लागतो. आमंत्रणात ‘पैसे नकोत’ आणि समोर नोटांची ताटली, यातलं खरं काय मानायचं त्याने? माझ्या मते ती ताटली आरती आटोपली की आत उचलून ठेवावी. गुरुजींची दक्षिणा यजमानाने स्वतंत्र द्यायचीच असते. देणगीची पेटी, पैसे पाठवायचा कोड किंवा ‘अमुक कार्याला मदत’ असं काही तर अजिबात नको. कतारमध्ये परवान्याशिवाय निधी गोळा करायला कायद्याने मनाई आहे.

इतकं करूनही कुणी खजुराचा डबा किंवा फुलं घेऊन येतो. तेव्हा ‘अहो, नको म्हटलं होतं ना’ म्हणून त्याला दारात ओशाळवू नये. आभार मानून घ्यावं, बाजूला ठेवावं, सगळ्यांसमोर उघडू नये. मिठाईचा पुडा सरळ देवापुढे ठेवू नये, त्यात अंडं किंवा जिलेटिन असू शकतं. फुलं खुशाल वाहावीत.

८. आता मजकूर

वर जे ठरलं ते एका पानात बसवू. अमराठी शेजाऱ्याला हा मजकूर त्याच्या सोयीच्या भाषेत जाईल, पण आधी मराठीत लिहून पाहिला की मनातलं स्पष्ट होतं.

“नमस्कार. येत्या शुक्रवारी आमच्या घरी सत्यनारायणाची पूजा आहे. घरात सुखसमाधान राहावं म्हणून आमच्याकडे ही पूजा करतात आणि तिच्या शेवटी शेजाऱ्यांना व मित्रांना घरी बोलावतात. तुम्ही सहकुटुंब यावं अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आरती संध्याकाळी पावणेसातला आहे, ती वीस मिनिटं चालते. त्यानंतर साडेआठपर्यंत चहा आणि खाणं. या वेळात केव्हाही या, थोडा वेळ आलात तरी आनंद आहे.

चपला दाराच्या आत काढायच्या आहेत. बसायला खुर्च्या आहेत. पूजेत भाग घ्यायलाच हवा असं नाही, नुसतं बसून पाहिलंत तरी चालेल. प्रसाद म्हणून रव्याचा गोड शिरा असतो. त्यात गहू, तूप, दूध, केळं आणि काजू आहेत. प्रसाद घ्यायचा की नाही ते तुमच्या मनावर. देवापुढे न ठेवलेलं, वेगळं केलेलं शाकाहारी खाणंही आहे.

या पूजेत घरच्यांनी येणाऱ्यांना द्यायचं असतं, म्हणून कृपया भेटवस्तू किंवा पैसे आणू नका.

किती जण याल ते बुधवारपर्यंत कळवाल का?”

याखाली पत्ता. कतारमध्ये प्रत्येक इमारतीवर निळी पाटी असते आणि तिच्यावर विभाग, रस्ता आणि इमारत असे तीन क्रमांक असतात. ‘अमुक हॉटेलच्या मागे’ एवढ्यावर न भागवता ते तिन्ही क्रमांक आणि फ्लॅटचा क्रमांक लिहावा. बिन महमूदमध्ये संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, हेही स्पष्ट सांगावं. मेट्रोच्या गोल्ड लाइनवर मशैरेब आणि अल सद्द यांच्यामध्ये बिन महमूद स्थानक आहे. स्थानकातून कोणत्या बाजूने बाहेर पडायचं आणि किती मिनिटं चालायचं ते एका ओळीत द्यावं. ऑगस्टच्या दमट उन्हाळ्यात दहा मिनिटांची चालही जड जाते, त्यामुळे पोचल्याबरोबर पाणी पुढे करणारं कुणीतरी दाराशी हवं.

९. कधी आणि कसं पाठवायचं?

सहकाऱ्यांना आठवडाभर आधीचा संदेश पुरतो. शेजाऱ्यांच्या बाबतीत मात्र आधी दार वाजवून तोंडी सांगावं आणि मजकूर मागाहून पाठवावा. शक्यतो नवरा-बायको दोघांनी जावं. अरब किंवा पाकिस्तानी घरांत बायका बायकांना बोलावतात आणि ते बोलावणं अधिक मानाचं ठरतं. त्या घरातल्या बायकांना पुरुषांच्या गर्दीत बसणं रुचत नसेल तर आतली खोली मोकळी ठेवली आहे, हेही तेव्हाच सांगता येतं.

याच भेटीत, जे येणार नाहीत त्यांनाही एक गोष्ट सांगून ठेवावी. ‘शुक्रवारी पावणेसात ते सात-सव्वासात आमच्याकडे घंटा आणि टाळांचा आवाज होईल, त्यानंतर नाही.’ तान्हं मूल किंवा रात्रपाळीहून येऊन झोपलेलं माणूस शेजारी असेल तर या एका वाक्याचं मोल फार असतं. इमारतीच्या पहारेकऱ्यालाही पाहुण्यांची संख्या कळवावी, म्हणजे तो प्रत्येकाला खाली अडवत बसणार नाही.

उत्तर ‘जमणार नाही’ असं आलं तर कारण विचारू नये. काहींना पूजेच्या घरी येणंच त्यांच्या धर्मानुसार योग्य वाटत नाही आणि ते सांगण्याची वेळ त्यांच्यावर आणू नये. ‘हरकत नाही, पुढच्या आठवड्यात चहाला या’ म्हणावं आणि पुढच्या आठवड्यात खरोखर बोलवावं.